वजन तेवढेच, कुपोषण वेगळे: दोन वर्षांखालील बाळाचे झेड स्कोअर कसे वाचावेत

‘कुपोषित बालकांची संख्या घटली’ अशी एक बातमी येते आणि महिन्याभरात ‘कुपोषणाची स्थिती चिंताजनक’ अशी दुसरी येते. वाचणाऱ्याला वाटते, यातले एक कोणीतरी खोटे बोलते आहे. बहुतेक वेळा तसे नसते. पहिल्या बातमीतला आकडा ‘सॅम’ आणि ‘मॅम’ बालकांचा असतो, म्हणजे लांबीच्या मानाने वजन फार कमी असलेल्या मुलांचा. दुसरीतला आकडा वयाच्या मानाने वजन कमी असलेल्यांचा किंवा वयाच्या मानाने लांबी कमी असलेल्यांचा असतो. मराठीत या तिघांनाही आपण ‘कुपोषित’ हा एकच शब्द वापरतो, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

बातमीपुरता हा गोंधळ असता तर फारसे बिघडले नसते. पण तोच गोंधळ घरी येतो. अंगणवाडीत बाळाचे वजन होते, सेविका ‘वजन थोडे कमी आहे’ असे सांगते, आणि आई-वडिलांना कळत नाही की यात घाबरण्यासारखे आहे की नाही. कारण ‘वजन कमी’ हे उत्तर अर्धेच असते. राहिलेले अर्धे उत्तर बाळाच्या लांबीत असते.

तीन प्रश्न, तीन आकडे

दोन वर्षांखालील बाळाची वाढ तपासताना आम्ही तीन वेगवेगळे प्रश्न विचारतो. या वयाच्या बाळाचे वजन जेवढे असायला हवे, तेवढे आहे का? या वयात लांबी जेवढी हवी, तेवढी आहे का? आणि वय बाजूला ठेवून, जेवढी लांबी आहे तिच्या मानाने वजन पुरेसे आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर त्याला लुकडेपणा म्हणतात. बाळाच्या अंगावरचे मांस आणि चरबी झडली आहे, आणि हे साधारणपणे गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घडले आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले तर ती खुंटलेली वाढ, म्हणजे सरकारी भाषेतला बुटकेपणा. तो हळूहळू, कधी कधी पोटात असल्यापासून होत आलेला असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या दोन्हींचे मिश्रण आहे. बाळ लुकडे असले तरी वयाच्या मानाने वजन कमी दिसते, आणि बाळ लांबीने लहान असले तरी कमीच दिसते. त्यामुळे केवळ वय आणि वजन पाहून लुकडेपणा कोणता आणि बुटकेपणा कोणता हे सांगता येत नाही. बुटकेपणा तर वजनाच्या कोणत्याच तक्त्यावर दिसत नाही, त्यासाठी वय आणि लांबी यांचाच तक्ता लागतो.

झेड स्कोअर म्हणजे या प्रत्येक प्रश्नाचे आकड्यातले उत्तर. निरोगी वाढणाऱ्या मुलांच्या मधोमध जो असतो त्याचा स्कोअर शून्य. त्याच्या खाली जावे तसे उणे 1, उणे 2, उणे 3. बारा महिन्यांच्या मुलग्याचे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांनुसार त्याची मधली लांबी 75.7 सेंटिमीटर आहे आणि एक पायरी सुमारे 2.4 सेंटिमीटरची आहे. बाळ 70 सेंटिमीटरचे असेल तर ते मधल्या लांबीपेक्षा 5.7 सेंटिमीटरने कमी आहे. 5.7 ला 2.4 ने भागले की 2.4 येतात, म्हणून स्कोअर उणे 2.4. लांबीसाठी हा हिशोब घरी करता येतो. वजनाच्या बाबतीत वरच्या आणि खालच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून तिथे भागाकार न करता तक्ता पाहावा.

उणे 2 च्या खाली गेले की मध्यम आणि उणे 3 च्या खाली गेले की तीव्र, ही रेषा तिन्ही आकड्यांना लागू आहे. मात्र रेषेला शिक्का समजू नका. पूर्ण निरोगी अशा शंभर मुलांतही दोन-तीन मुले उणे 2 च्या खाली असतातच.

साडेसात किलोची दोन बाळे

समजा, आरव आणि सोहम नावाची दोन बाळे आहेत. दोघेही मुलगे, दोघेही बरोबर बारा महिन्यांचे, दोघांचेही वजन 7.5 किलो. अंगणवाडीत वय आणि वजनाचा तक्ता उघडला. बारा महिन्यांच्या मुलग्यासाठी मधले वजन 9.6 किलो, उणे 2 ची रेषा 7.7 किलोवर आणि उणे 3 ची 6.9 वर आहे. दोघांचेही ठिपके या दोन रेषांच्या मध्ये, एकाच जागी पडतात. दोघांचीही नोंद ‘मध्यम कमी वजन’. दोन्ही आयांना एकच सल्ला मिळतो: खायला जास्त द्या, पुढच्या महिन्यात आणा.

आता दोघांची लांबी मोजू. आरव 76 सेंटिमीटर भरला. वयाच्या मानाने ही लांबी अगदी मधली आहे, वाढ खुंटलेली नाही. पण 76 सेंटिमीटर लांबीच्या मुलग्याचे मधले वजन 9.7 किलो असते, उणे 2 ला 8.3 आणि उणे 3 ला 7.6. आरव 7.5 किलोचा आहे. म्हणजे तो उणे 3 च्याही खाली गेला. हा तीव्र लुकडेपणा, ज्याला ‘सॅम’ म्हणतात. ज्या बाळाला ‘मध्यम’ म्हणून महिन्याभरासाठी घरी पाठवले होते, ते खरे तर त्याच आठवड्यात, शक्य असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासायला हवे.

सोहम 70 सेंटिमीटरचा आहे. वर हिशोब केला तो त्याचाच, लांबीचा स्कोअर उणे 2.4. वाढ खुंटलेली आहे. पण 70 सेंटिमीटरच्या मुलग्यासाठी उणे 1 ची रेषा 7.8 किलोवर आणि उणे 2 ची 7.2 वर आहे. सोहमचे 7.5 किलो या दोन्हींच्या मध्ये, उणे दीडच्या आसपास. म्हणजे जेवढा तो लांब आहे, त्या मानाने त्याचे वजन ठीक आहे. त्याला तातडीचा धोका नाही. पण त्याचा प्रश्न जुना आहे आणि तो महिन्याभराच्या जास्तीच्या खाण्याने सुटणारा नाही.

वजन आणि वयाच्या तक्त्याची आणखी एक गफलत आहे, ती याहून फसवी. तिसरा एक मुलगा घ्या, बारा महिन्यांचा, 8 किलोचा. वयाच्या मानाने हे वजन उणे 2 च्या वर आहे, म्हणून तो ‘सर्वसाधारण’ गटात जातो. पण हा मुलगा अंगाने लांब, 78 सेंटिमीटरचा आहे. त्या लांबीला उणे 2 ची रेषा 8.6 आणि उणे 3 ची 7.9 किलोवर आहे. म्हणजे तो मध्यम लुकडा आहे आणि तीव्र गटापासून फक्त शंभर ग्रॅम दूर. आई-वडील उंच असलेल्या घरांत असे बाळ ‘चणीने बारीक आहे’ म्हणून सोडून दिले जाते.

वजन वाढते आहे आणि स्कोअर घसरतो आहे

एका दिवसाच्या मापापेक्षा मागच्या नोंदी जास्त सांगतात. आरवच्या कार्डावर समजा अशा नोंदी आहेत: सहा महिन्यांना 7.3 किलो, नऊ महिन्यांना 7.4, बारा महिन्यांना 7.5. दरवेळी वजन वाढलेच आहे, आणि घरच्यांना तेवढाच दिलासा. पण सहा महिन्यांना 7.3 किलो हे मधल्या वजनाच्या जवळ होते, स्कोअर उणे 1 च्या वर. नऊ महिन्यांना 7.4 म्हणजे उणे 1 आणि उणे 2 च्या मध्ये, उणे 2 च्या बाजूला. बारा महिन्यांना उणे 2 च्या खाली. या वयातल्या मुलग्याचे वजन नऊ ते बारा महिन्यांत साधारण 700 ग्रॅमने वाढते. आरवचे वाढले 100 ग्रॅम. काटा पुढे सरकत होता, पण बाळ मागे पडत होते.

सहा महिन्यांनंतरची अशी घसरण आम्ही फार वेळा पाहतो. तोवर आईच्या दुधावर बाळ छान वाढलेले असते. मग वरचे खाणे सुरू होते आणि ते वरणाचे पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेले बिस्कीट इतकेच राहते. पोट भरते, पण त्यात ऊर्जा आणि प्रथिने फार थोडी. त्यातच दोन-तीनदा जुलाब किंवा खोकला-ताप झाला की आठवडाभर खाणे बंद. आजारातून उठल्यावर जे भरून यायला हवे ते येत नाही.

सोहमच्या नोंदी वेगळ्या दिसतील. तो पूर्ण दिवसांचा, पण जन्मतः 2.3 किलोचा. सहा महिन्यांना 6.2, नऊ महिन्यांना 6.9, बाराला 7.5. त्याचा ठिपका दरवेळी उणे 2 च्या किंचित खाली आहे, पण रेषेला समांतर चालतो. तो घसरलेला नाही, खालून सुरुवात करून खालीच चालतो आहे. त्याची कथा गरोदरपणापासून सुरू होते: आईचे वजन, तिचे हिमोग्लोबिन, दोन बाळंतपणांतले अंतर. त्यानंतर वारंवारचे आजार. हे सगळे डॉक्टरांनी विचारायला हवे, आणि नाही विचारले तर तुम्ही सांगा.

एका सेंटिमीटरचा फरक

आता थोडे त्रासदायक सत्य. हा सगळा हिशोब मोजणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे आणि लांबी मोजणे हे वजन करण्यापेक्षा खूप अवघड काम आहे. आरवचे पाय पूर्ण सरळ न करता मोजले आणि 76 ऐवजी 75 सेंटिमीटर नोंद झाली, असे समजा. 75 सेंटिमीटरला उणे 3 ची रेषा 7.5 किलोवर आहे. तीव्र म्हणायला वजन त्या रेषेच्या खाली हवे. आरवचे वजन रेषेवरच आहे, म्हणजे तो ‘तीव्र’ मधून ‘मध्यम’ मध्ये गेला. बाळात काहीही बदल न होता. किंवा लांबी बरोबर मोजली पण स्वेटर-टोपडे-लंगोटासकट वजन केले आणि 300 ग्रॅम वाढले, तरीही तेच होते.

दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी निजवून मोजतात, उभे करून नाही. त्यासाठी इन्फँटोमीटर नावाची फळी असते, एका टोकाला स्थिर पाट आणि दुसऱ्या टोकाला सरकणारा. दोन माणसे लागतात. एकाने (हे काम आईनेच केलेले बरे) बाळाचे डोके स्थिर पाटाला टेकवून धरायचे, नजर सरळ वर. दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि तळवे सरकत्या पाटाला काटकोनात टेकवायचे. टोपी, केसांचा बुचडा, बूट काढलेले असावेत. शिवणकामाची टेप बाळाच्या अंगावरून फिरवून घेतलेली लांबी या कामाची नाही. उभे राहणाऱ्या बाळाला उभे करून मोजले असेल तर त्या आकड्यात 0.7 सेंटिमीटर मिळवावे लागतात, कारण उभे राहिल्यावर माप तेवढे कमी भरते. माझे मत असे की महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा लांबी दोनदा मोजावी, आणि दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाबरोबर हे सोपे नसते, पण पाच मिनिटांचे काम आहे.

तक्ताही बरोबर हवा. मुलींचा तक्ता वेगळा असतो. 76 सेंटिमीटर लांबीच्या मुलीसाठी उणे 3 ची रेषा 7.2 किलोवर आणि उणे 2 ची 7.8 वर आहे. आरवचीच मापे असलेली मुलगी ‘तीव्र’ नव्हे, ‘मध्यम’ गटात येईल. मोबाइलवर कुठल्याही अ‍ॅपमध्ये आकडे टाकताना मुलगा-मुलगी आणि जन्मतारीख पुन्हा एकदा तपासा. जन्मतारीख महिन्याने चुकली तर वयावर आधारलेले दोन्ही स्कोअर बिघडतात. लांबीच्या मानाने वजन मात्र वयाची चूक सहन करते, कारण त्यात वय येतच नाही.

हाच मुद्दा मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना लागू होतो. सोहमचीच मापे असलेले, पण आठव्या महिन्यात, दोन महिने आधी जन्मलेले बाळ घ्या. त्याचे वय बारा नव्हे तर दहा महिने धरून पाहायचे. दहा महिन्यांच्या मुलग्यासाठी उणे 2 ची रेषा वजनात 7.4 किलो आणि लांबीत 68.7 सेंटिमीटर आहे. 7.5 किलो आणि 70 सेंटिमीटर ही दोन्ही मापे त्या रेषांच्या वर आहेत. म्हणजे हे बाळ ना कमी वजनाचे, ना खुंटलेले. दोन वर्षांपर्यंत अशी वयाची दुरुस्ती करायची असते. अंगणवाडीच्या नोंदीत ती आपोआप होईल असे गृहीत धरू नका. बाळ किती आठवड्यांचे जन्मले ते तुम्ही सांगायला हवे.

मोठ्या आकड्यांकडे पुन्हा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी 35.5 टक्के बुटकी, 19.3 टक्के लुकडी आणि 32.1 टक्के कमी वजनाची आढळली. महाराष्ट्रात लुकडी 25.6 टक्के, आणि त्यातही तीव्र लुकडी 10.9 टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून जास्त. 2021 पासून अंगणवाड्यांतली मापे पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर जातात. त्यावरून केंद्र सरकार जे आकडे देते, त्यांत बुटक्या मुलांचे प्रमाण सर्वेक्षणाच्या जवळपास आहे. पण लुकड्यांचे एक आकडी आणि कमी वजनाच्यांचे 2024 मध्ये सतरा टक्क्यांच्या आसपास होते.

इतका फरक का? लांबी कमी मोजली गेली तर काय होते ते आपण आरवच्या उदाहरणात पाहिले. लुकडेपणा लपतो आणि बुटकेपणा जास्त दिसतो. घाईत मोजताना लांबी बहुधा कमीच भरते, कारण गुडघे वाकलेले राहतात. म्हणून फरकाचा काही भाग मोजमापाचा असू शकतो. पण एवढ्याने पूर्ण उत्तर मिळत नाही, कारण वयाच्या मानाने वजनात लांबीचा संबंधच नाही आणि तिथेही मोठी तफावत आहे. सर्वेक्षणाचे पथक निवडलेल्या घरी जाऊन मोजते. अंगणवाडीत मात्र जे मूल येते तेच मोजले जाते. आजारी, स्थलांतरित, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल त्या दिवशी तिथे नसते. काळही वेगळा आहे. त्यामुळे या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करून ‘कुपोषण इतके घटले’ असे लिहिणे मला पटत नाही, आणि ‘सरकारी आकडे खोटे’ असे लिहिणेही नाही.

‘हे परदेशी तक्ते, आपली मुले मुळातच लहान चणीची’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आजी विचारते. तो चुकीचा प्रश्न नाही. ही मानके ज्या सहा देशांतल्या मुलांवरून केली त्यात भारत आहे, दिल्लीतली मुले त्यात होती. पण लांबीची मोजपट्टी भारतीय मुलांना थोडी कडक पडते का, यावर आपल्याकडचे तज्ज्ञही वाद घालतात. तो वाद बुटकेपणाच्या टक्केवारीपुरता महत्त्वाचा आहे. आरवसारख्या, स्वतःच्याच आधीच्या रेषेवरून घसरलेल्या बाळाला तो लागू होत नाही. त्याची तुलना नॉर्वेच्या मुलाशी नव्हे, सहा महिन्यांच्या आरवशी आहे.

आता काय करायचे

कार्डावर फक्त वजन लिहिले असेल तर पुढच्या भेटीत लांबी मोजून घ्या. सेविकाताईंना किंवा आरोग्यसेविकेला ‘वजन कमी आहे का?’ असे न विचारता ‘लांबीच्या मानाने वजन कोणत्या गटात आहे?’ असे विचारा. वजन, लांबी आणि तारीख तिन्ही लिहून ठेवा.

लांबीच्या मानाने वजन उणे 3 च्या खाली आले, तर पुढची तपासणी केवळ काट्याची नसते. सहा महिन्यांवरील बाळाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात. तो 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असला तरी तेही तीव्र कुपोषणच, मग वजन-लांबीचा स्कोअर काहीही असो. दोन्ही मापे नेहमी एकाच बाळाला पकडतात असे नाही, कोणतेही एक पुरेसे आहे. दोन्ही पावलांवर अंगठा काही सेकंद दाबून खड्डा राहतो का पाहतात. खड्डा राहिला तर ती सूज आहे, आणि सुजेच्या पाण्याने वजन खोटे वाढलेले असते. अशा बाळाचा झेड स्कोअर पाहण्यात अर्थ नाही, ते तीव्र कुपोषितच धरायचे. सहा महिन्यांहून लहान बाळाच्या बाबतीत वाट पाहूच नये, आधी स्तनपान नीट होते आहे का हे समोर बसून पाहावे लागते.

यानंतर भुकेची चाचणी होते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2023 मध्ये मुलांच्या कुपोषणाच्या व्यवस्थापनाची जी कार्यपद्धती आणली, तिच्यातही ही चाचणी आहे. बाळाने ठरलेला आहार आवडीने खाल्ला आणि इतर आजार नसेल, तर गावातच देखरेखीखाली उपचार होऊ शकतात. खात नसेल, किंवा ताप, धाप, सतत जुलाब-उलट्या, सुस्ती, झटके, अंग थंड पडणे, पावलांवर सूज यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्र असलेल्या रुग्णालयात न्या. अशा बाळाला घरी एकदम भरपूर खायला घालून वजन वाढवण्याचा प्रयत्न करू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न दिले तर रक्तातले क्षार बिघडतात, ते जिवावर बेतू शकते. केंद्रात आहार थोडा थोडा, मोजून वाढवतात तो यासाठी.

मध्यम लुकडेपणात घरचे जेवण बदलून बराच फरक पडतो. वरणाच्या पाण्याऐवजी घट्ट वरण, कुस्करलेला भात, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, रोज शक्य तर अंडे किंवा दूध-दही, शेंगदाण्याचा बारीक कूट (अख्खे दाणे नाहीत, घशात अडकतात). वर्षाच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण, मध्ये एक-दोनदा काही खाऊ, आणि आईचे दूध चालूच. बिस्किटे आणि डब्यातल्या गोड पावडरी यांनी ही जागा भरू नये. वजन दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत. दोन वेळा वाढ झाली नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे.

आणि सोहम? त्याला जबरदस्तीने भरवून उपयोग नाही. तसे केले तर वजन वाढेल, लांबी वाढेलच असे नाही, आणि तो आखूड पण जड होईल. त्याच्यासाठी अन्नातली विविधता, रक्तातल्या लोहाची तपासणी, वारंवार होणाऱ्या जुलाबांचा बंदोबस्त आणि लसीकरण या गोष्टी पाहायच्या. त्याची लांबी दर महिन्याला मोजून काही कळत नाही, कारण मोजण्याची चूक आणि महिन्याची वाढ जवळपास सारखीच असते. तीन महिन्यांनी मोजा. मधल्या रेषेवरचा मुलगा बारा ते पंधरा महिन्यांत सुमारे 3.4 सेंटिमीटर वाढतो. सोहम पंधरा महिन्यांना 73 च्या आसपास पोहोचला, तर तो आपली रेषा धरून आहे. 74 च्या वर गेला तर तो उणे 2 च्या रेषेपाशी आला, म्हणजे भरून काढतो आहे. आणि फेरमोजणीतही माप 71 वरच अडकले, तर थायरॉइड, आतड्यांचे आणि मूत्रपिंडाचे आजार तपासण्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे न्यायची वेळ झाली आहे.